एजंटाने लिहिलेला कर्जाचा अर्ज आणि रिकामी शेड

नुकत्याच पदवीधर झालेल्या एका मुलाने गावात 1000 ब्रॉयलर पक्ष्यांसाठी बँकेकडे कर्ज मागितलं. अर्ज आणि प्रकल्प अहवाल एजंटाने 15,000 रुपये घेऊन तयार केला. शेड उभी राहिली, पण पहिलीच बॅच टाकता आली नाही. तसं होणार, हे अर्जातच लिहिलेलं होतं. मुलाने तो नीट न वाचता सही केली.

अर्जात एकूण खर्च 5 लाख होता: शेडला 3 लाख, साहित्याला 2 लाख. पिल्लं आणि खाद्य यांचा उल्लेखच नाही. एक ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास येईपर्यंत साधारण सव्वातीन ते साडेतीन किलो खाद्य खातो. म्हणजे 1000 पक्ष्यांना 50 किलोची 65 ते 70 पोती लागतात. पक्षी विकले जाईपर्यंत हा पैसा आपल्याच खिशातून जातो. खेळतं भांडवल अर्जात मागितलं नाही, तर बँक ते आपणहून देत नाही.

साहित्याचे 2 लाख कशाचे, ते कोटेशनमध्ये होतं: खाद्याची 80 भांडी, पाण्याची 80 भांडी, ब्रुडर, पडदे. वास्तविक 40 पक्ष्यांमागे एक या हिशेबाने प्रत्येकी 25 पुरतात. कोटेशन देणारा दुकानदार एजंटाचाच माणूस होता. बँकेने रक्कम नियमाप्रमाणे थेट दुकानदाराच्या खात्यात भरली. ‘जास्तीचे पैसे रोख परत मिळतील, त्यातून पिल्लं आण,’ असं एजंटाने सांगितलं होतं. टेम्पोतून प्रत्येकी 25 भांडी उतरली. माल मोजण्याआधीच ‘संपूर्ण माल मिळाला’ या पावतीवर मुलाची सही घेतली गेली. रोख काही आली नाही. बँकेचा अधिकारी पाहणीला आला तेव्हा कागदावर 80 आणि शेडमध्ये 25. आता उत्तर द्यायचं ते कर्जदाराने, आणि हप्ताही त्यानेच भरायचा. पैसे रोख परत घेण्याचं कबूल करणं हाच मुळात कर्जाचा गैरवापर आहे, त्यामुळे तक्रार करतानाही तो अडकला.

म्हणून अर्ज स्वतः लिहा. पक्षी किती, शेड किती चौरस फूट (ब्रॉयलरला पक्ष्यामागे निदान एक चौरस फूट), पहिल्या बॅचची पिल्लं, खाद्य, लस, तूस यांचा खर्च वेगळा दाखवा. मरतूक शून्य धरू नका, चार-पाच टक्के धरा; वर्षात सहाच्या वर बॅच दाखवू नका, कारण 42 दिवसांनंतर शेड धुऊन दहा-पंधरा दिवस रिकामी ठेवावी लागते. कोटेशन दोन-तीन ठिकाणची स्वतः आणा. असं कर्ज मुद्रा योजनेतून घेत असाल, तर त्या योजनेसाठी सरकारने कोणताही एजंट नेमलेला नाही. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊ नका. अर्जाची प्रत शाखेत देऊन त्यावर आवक शिक्का आणि तारीख घ्या. माल आला की आधी नग मोजा, कमी असेल तर तो आकडा पावतीवरच लिहा आणि त्याच दिवशी शाखेला लेखी कळवा.