ट्री डीकम्पोझिशन की आयएलपी सॉल्व्हर?

एका वाचकाला ग्राफमधला सर्वात मोठा स्वतंत्र संच हवाय, म्हणजे एकमेकांना न जोडलेले जास्तीत जास्त बिंदू. मार्ग कोणता? ट्री डीकम्पोझिशन ग्राफ बॅगांमध्ये, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या छोट्या बिंदूगटांत, तोडून एकेक बॅग सोडवतं. आयएलपी सॉल्व्हरला तोच प्रश्न पूर्णांकांवरच्या रेषीय अटींच्या ओळींत मांडून द्यायचा.

वेळ: ४ × १००० चौकटींची जाळी घ्या, शेजारच्या आणि तिरक्या चौकटी जोडलेल्या. डावीकडून एकेक चौकट घेत गेलं की प्रत्येक बॅगेत फार तर ६ बिंदू राहतात, म्हणजे ट्रीविड्थ, सर्वात मोठ्या बॅगेतल्या बिंदूंपेक्षा एक कमी अशी ग्राफची रुंदी, जास्तीत जास्त ५. बॅग ही दोन्ही बाजूंमधली भिंतच. त्यातले कोणते बिंदू निवडले हे कळलं की डावीकडची बाकी निवड विसरता येते, फक्त तिचा सर्वोत्तम आकडा जपायचा. प्रत्येक बॅगेत २^६ = ६४ नोंदी, सुमारे ४००० बॅगा. झालं! आयएलपीलाही हे जमेल, पण वेळेची अशी हमी मिळत नाही.

मेमरी: इथे डीकम्पोझिशन मार खातं. जाळी ६० × ६० केली तर ट्रीविड्थ किमान ६०, तक्ता मावणारच नाही. आयएलपी तिथेही प्रयत्न तरी करतं.

जादा अटी: आयएलपीत एक ओळ वाढवायची, डीकम्पोझिशनमध्ये बहुधा तक्ताच फुगतो.

आधी मिन-फिल ही झटपट डीकम्पोझिशन शोधणारी अंदाजी रीत चालवून रुंदी बघा. २० च्या आत आली तर माझं मत डीकम्पोझिशनला. ३० च्या वर किंवा अटी सतत बदलणाऱ्या असतील तर आयएलपी.