बायोच्या जुन्या आवृत्त्या कुठे जपायच्या: शीट, गूगल डॉक, वेबॅक मशीन की गिट?

लिंक्डइनवर २०२१ची एखादी पोस्ट आज उघडली, तर नावाखाली दिसणारी ओळ आजची असते. एक्सवरही तसंच, जुन्या पोस्टवर नाव आणि फोटो आजचा. त्यामुळे ज्या बाईंना पीएचडी २०२३ला मिळाली, त्यांच्या २०२१च्या पोस्टवर आज 'डॉ.' झळकतं. पाहणाऱ्याला वाटतं, पदवी नसताना बाई डॉक्टर म्हणवून घेत होत्या. उलटही होतं. कुणीतरी त्याच वेळी काढून ठेवलेला स्क्रीनशॉट पुढे येतो, त्यात 'पीएचडी स्कॉलर' असतं, आणि आता 'डॉ.' कसं झालं म्हणून विचारणा सुरू होते.

नागपुरात ज्यांच्याकडे पाच-सात जणांचे बायो सांभाळायचं काम आहे, म्हणजे क्लासेस, समुपदेशन केंद्र, व्याख्यानमाला भरवणारी मंडळं, त्यांच्यासाठी ही तुलना आहे. उत्तर द्यायची वेळ आली, तर 'त्या तारखेला काय लिहिलं होतं आणि ते तेव्हा खरं होतं का' हे दोन्ही दाखवता यायला हवं. अनेक जण पहिलंच जपतात.

सगळ्यात साधा पर्याय म्हणजे शीट. एका बदलाला एक ओळ: कुणाचा बायो, कुठला प्लॅटफॉर्म, पूर्ण मजकूर जसाच्या तसा, कधीपासून लावला, कधी काढला, कुणी बदलला. यात मी आग्रहाने आणखी दोन रकाने ठेवते: कुठला दावा बदलला, आणि तो दावा कधीपासून खरा, कशाच्या आधारावर. वरच्या उदाहरणात बाईंचं पीएचडीचं नोटिफिकेशन विद्यापीठाने १० मार्च २०२३ला काढलं आणि बायो १४ मार्चला बदलला, असं धरू. पदवी प्रमाणपत्र दीक्षांत समारंभानंतर हाती येतं, पण इथे आधार नोटिफिकेशनचा, म्हणून त्याचा क्रमांक आणि तारीख शीटमध्ये. आता जुनी पोस्ट कुणी उकरली, तर उत्तर दोन ओळींचं: पोस्ट २०२१ची, तेव्हाचा बायो 'पीएचडी स्कॉलर' होता, 'डॉ.' १४ मार्च २०२३पासून.

नागपूरकरांना हा रकाना आणखी एका कारणाने लागतो. इथल्या संस्थांची नावं बदलली आहेत. व्हीआरसीई २००२ साली व्हीएनआयटी झालं. नागपूर विद्यापीठाला २००५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. १९९८ला इंजिनिअर झालेल्या सरांच्या जुन्या पत्रिकेत 'व्हीआरसीई' आणि आजच्या बायोत 'व्हीएनआयटी' दिसलं, की बाहेरच्या माणसाला दोन वेगळी कॉलेजं वाटतात. दावा तोच आहे, नाव बदललंय, एवढी नोंद ओळीत असली की वाद तिथेच थांबतो.

शीटची कमजोरी उघड आहे: तुमचीच शीट, तुम्हीच भरलेली, मागची तारीख घालायला कुणी अडवत नाही. म्हणून प्रत्येक ओळीला त्याच दिवशीचा स्क्रीनशॉट जोडावा आणि फाइलचं नाव तारखेनेच सुरू व्हावं, जसं `2023-03-14_linkedin_bio.png`. हा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवू नका. तिथून आलेल्या चित्राच्या नावात पाठवण्याची किंवा मिळण्याची तारीख पडते आणि चित्रही दाबलं जातं. मूळ फाइल ड्राइव्हवर थेट चढवावी.

गूगल डॉक अनेकांना शीटपेक्षा सोपा वाटतो: एकच फाइल, बायो बदलत राहायचा, जुनं सगळं 'आवृत्ती इतिहासात' आपोआप. तारखा गूगलच्या, म्हणून शीटपेक्षा थोड्या भरवशाच्या. पण दोन ठिकाणी दगा होतो. जागा वाचवायला गूगल अधूनमधून आवृत्त्या एकत्र करतं, म्हणून मोठ्या बदलाला आवृत्तीचं नाव देऊन ठेवावं लागतं. आणि फाइलची प्रत काढली की इतिहास प्रतीत येत नाही. सोशल मीडिया बघणारी मुलगी नोकरी सोडताना प्रत देऊन गेली आणि मूळ फाइल तिच्या खात्यासोबत गेली, तर तुमच्याकडे फक्त आजचा मजकूर उरतो. फाइल संस्थेच्या खात्यावरच असावी. शिवाय डॉकमधला मजकूर म्हणजे तुम्ही लिहिलेला. तो प्रोफाइलवर कधी चढला, हे त्यातून कळत नाही.

बाहेरच्या माणसाला पटण्याच्या बाबतीत वेबॅक मशीन, म्हणजे वेबपानांच्या प्रती तारखेसह जपणारी साइट, सगळ्यात पुढे. `web.archive.org/save` वर पानाचा पत्ता टाकला की त्रयस्थाकडे प्रत जमा होते आणि दुव्यात चौदा आकडी वेळ येते. ती वेळ यूटीसी असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १५ मार्चच्या रात्री दोनला जपलेलं पान दुव्यात `20230314203000` दाखवतं, म्हणजे १४ तारीख. उत्तर देताना हा फरक सांगितला नाही, तर तुमच्याच शीटशी ते जुळत नाही असं दिसेल. पण मर्यादा मोठी आहे. संस्थेच्या वेबसाइटवरचं 'आमची टीम' पान नीट जपलं जातं, लिंक्डइन आणि इन्स्टाग्राम बहुतेक वेळा लॉगिनची भिंतच जपून देतात. जपल्यावर लगेच ते पान उघडून मजकूर खरंच दिसतोय का, हे बघावं.

इन्स्टाग्रामसाठी वेगळी सोय आहे. 'तुमची ॲक्टिव्हिटी' मध्ये खात्याचा इतिहास असतो आणि त्यात बायोतले बदल तारखेसह दिसतात. तो तुमच्या खात्यातूनच उघडतो, पण नोंद त्यांची. एक्सकडे किंवा लिंक्डइनकडे बायोचा असा मागचा इतिहास मिळत नाही, तिथे सगळा भार तुमच्या शीटवर.

गिट, म्हणजे प्रोग्रामर फाइलमधला प्रत्येक बदल नोंदवायला वापरतात ते साधन, फक्त अशांसाठी, ज्यांच्या टीममध्ये ते रोज वापरणारा कुणी आहे. प्रत्येक माणसाची एक फाइल ठेवली की

```
git log -p --word-diff -- bio.md
```

एवढ्यात प्रत्येक बदल, कोणता शब्द गेला आणि कोणता आला, रांगेने दिसतो. फरक बघायला याहून चांगलं काही नाही. पण कमिटची, म्हणजे गिटमधल्या प्रत्येक नोंदीची, तारीख स्वतःला हवी ती घालता येते, त्यामुळे पुरावा म्हणून गिट शीटपेक्षा फार वरचढ नाही.

प्रकरण कोर्टात गेलं, तर यातलं काहीच नुसतं पुरेसं नाही. १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. तिथे वकिलाकडेच जावं.

माझा कौल: पाच-दहा बायो असतील तर शीट आणि मूळ स्क्रीनशॉट, वेबसाइटच्या पानासाठी वेबॅक. एकट्याचा एकच बायो आणि तोही कधीतरीच बदलणारा असेल, तर नाव दिलेल्या आवृत्त्यांचा गूगल डॉक पुरेल, फक्त प्रत्येक आवृत्तीच्या नावात 'प्रोफाइलवर लावली' ती तारीख घाला.

मागची वर्षं भरायची असतील, तर इन्स्टाग्रामचा इतिहास, व्याख्यानांच्या छापील पत्रिका, जुन्या ईमेलला जोडलेले परिचय यांतून बरंच सापडतं. पण अशा ओळींपुढे 'नंतर भरली, आधार अमुक पत्रिका' असं लिहाच आणि त्यांचा रंग वेगळा ठेवा. त्या दिवशीच केलेली नोंद आणि नंतर जुळवलेली नोंद एकसारखी दिसली, तर कुणी एकीवर बोट ठेवताच बाकीच्या सगळ्या ओळींवर संशय येतो.