मॅकमास्टर स्लाइड, नऊ महिन्यांनंतर : हिरव्या रेषा गेल्या, गैरसमजही गेले

जनावराच्या शेणात किंवा लेंड्यांत जंतांची अंडी किती ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची ही स्लाइड. आधी तक्रार. हिच्यावरच्या हिरव्या रेषा तिसऱ्या महिन्यातच पुसट झाल्या. साडेआठशे रुपये मोजले होते मी. मिठाचं पाणी आत वाळलं की खडे धरतात, ते काढायला मऊ ब्रश फिरवला तरी रेषा सुटतात. रेषा नसतील तर ही स्लाइड म्हणजे एकमेकांना चिकटवलेले दोन प्लास्टिकचे तुकडे. एका चौकटीखाली बरोबर 0.15 मिली द्रव मावतो आणि सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. चौकटच दिसत नसेल तर मोजायचं काय?

हिशेब माहीत आहेच, तरी एकदा सांगते. 2 ग्रॅम ताज्या लेंड्या, 28 मिली संपृक्त मिठाचं पाणी, कुस्करून गाळायचं (आईची चहाची गाळणी गेली, नवी आणून द्यावी लागली). स्लाइडमधल्या दोन्ही खोल्या भरायच्या आणि पाच मिनिटं थांबायचं. अंडी हलकी, ती वर तरंगतात. घाण खाली बसते. दोन्ही चौकटींतली अंडी मोजून बेरजेला 50 ने गुणलं की एका ग्रॅममधली अंडी मिळतात. लेंड्या मात्र थेट गुदद्वारातून घ्यायच्या आणि लगेच मोजायच्या नसतील तर फ्रिजमध्ये ठेवायच्या. उन्हाळ्या-पावसाळ्यात बाहेर राहिल्या की एका दिवसात अंडी फुटतात, आणि मग आकडा कमी आला म्हणून आपण उगाच खूश होतो.

स्लाइड घेतली मामासाठी. सिमरोलच्या पुढे त्याच्या 34 शेळ्या आहेत. मी महूला पशुवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे घरातली फुकटची डॉक्टर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याची एक चांगली दुधाळ शेळी गेली. जबड्याखाली पाणी उतरलेलं, पापणी आतून पांढरीफटक, हगवण अजिबात नाही. मामाचं एकच पालुपद, "अगं, जंताचं औषध 10 जूनलाच पाजलंय की सगळ्यांना!"

पोट उघडलं तर चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या पोटात, लालपांढऱ्या पीळदार धाग्यांचा गुंता. हिमोंकस, रक्त पिणारा गोलकृमी. ती लाल रेघ म्हणजे त्याच्या आतड्यातलं शेळीचं रक्त आणि तिच्याभोवती वेटोळे घातलेली पांढरी रेघ म्हणजे अंडाशय. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त घालवतो. हजार जंत असले तर 50 मिली, रोज. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक गोलकृमींची अंडी सारखीच दिसतात, त्यामुळे त्या दिवशी पोट उघडलं नसतं तर मी नुसतं "गोलकृमी" म्हणून सोडून दिलं असतं. हा दोष स्लाइडचा नाही, पण विकत घेताना कोणी सांगत नाही.

मग दहा शेळ्या निवडल्या. ग्रॅममागे सरासरी 1,850 अंडी. मामाने जंताचं नेहमीचंच औषध, अल्बेंडाझोल, नेहमीच्याच ड्रेंचिंग गनने, म्हणजे औषध पाजायच्या पिचकारीने, नेहमीसारखंच पाजलं. चौदा दिवसांनी त्याच दहा शेळ्यांची सरासरी 700. म्हणजे घट 62 टक्के. चांगलं काम करणाऱ्या औषधाने 95 टक्क्यांच्या वर घट व्हायला हवी. मी छाती फुगवून जाहीर केलं की जंत औषधाला दाद देत नाहीत, बाटली फेका.

इथे मला माझं मत गिळावं लागलं. बाटली फेकण्याआधी, केवळ मामा कंजूष आहे म्हणून, उरलेलं औषध किती ते पाहायला मी गन मोजपात्रात रिकामी केली. 4 मिलीवर लावून दहा वेळा दाबली. 40 यायला हवे होते, आले 31. आतला वॉशर झिजलेला.

आणि 4 मिली तरी कुठून आले? औषध मिलीला 25 मिलिग्रॅमचं. मेंढीला किलोमागे 5 मिलिग्रॅम, म्हणून 20 किलोच्या "सरासरी" जनावराला 4 मिली. शेळीचं शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून तिला किलोमागे 10 मिलिग्रॅम लागतात. शिवाय मामाची मोठी शेळी काट्यावर 34 किलो भरली. तिला द्यायचे होते 340 मिलिग्रॅम, म्हणजे 13.6 मिली, तिच्या पोटात गेले 3.1. जेमतेम पाव डोस. एवढ्यात दुबळे जंत मरतात आणि औषध थोडंफार सोसणारे उरतात.

हेच 10 जूनला झालं होतं, आणि ती तारीखही वाईटच होती. मेच्या उन्हात आमच्या माळरानावर अळ्या जवळजवळ टिकतच नाहीत. तेव्हा जंतांचा साठा असतो तो शेळ्यांच्या आत, त्यातल्या बऱ्याच अळ्या वाढ थांबवून पोटाच्या अस्तरात दबून बसलेल्या. अशा वेळी सगळ्या कळपाला औषध पाजलं की वाचलेले जंत तेवढे उरतात आणि पहिल्या पावसानंतर रानात अंडी पडतात ती फक्त त्यांची. एक मादी दिवसाला पाच-दहा हजार अंडी घालते. ओल आणि ऊब मिळाली की लेंडीतच अंडं फुटतं, अळी दोनदा कात टाकते आणि आठवड्याभरात तिसऱ्या अवस्थेत जाते. जुनी कात अंगावर ठेवूनच, त्यामुळे तिला खाता येत नाही. साठवलेल्या ताकदीवर ती दवाच्या ओलीतून गवतावर चढते आणि वाट पाहते. शेळीच्या पोटात गेल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा अंडी. जूनच्या अखेरीस पाऊस धरला तर ऑगस्टला शेळी मरते. हिशेब जुळतो.

इंदूरच्या सियागंज बाजारातून बारा रुपयांचा वॉशर आणला. दुसरी फेरी प्रत्येकीचं वजन करून, पूर्ण डोसची, औषध जिभेच्या मुळाशी सोडून. तोंडात पुढेच सोडलं तर बरंचसं कोठीपोटाला, म्हणजे पहिल्या मोठ्या कप्प्याला, वळसा घालून निघून जातं आणि असर कमी राहतो. (ताज्या गाभण दोघींना वगळलं, सुरुवातीच्या महिन्यात अल्बेंडाझोल गर्भाला घातक.) आधी 1,200, नंतर 150. घट साडेसत्याऐंशी टक्के. म्हणजे माझी पहिली घोषणा अगदीच खोटी नव्हती. फक्त पुरावा खोटा होता. निम्मा दोष जंतांचा, निम्मा वॉशरचा, आणि स्लाइड नसती तर हे वेगळं करता आलं नसतं.

सप्टेंबरअखेर जंताचं दुसरं औषध दिलं, लेव्हामिसोल, शेळीसाठी किलोमागे 12 मिलिग्रॅम. याच्यात चुकीला जागा कमी, जास्त झालं तर लाळ आणि थरथर, म्हणून काटा सोडला नाही. 1,100 वरून 20. अठ्ठ्याण्णव टक्के.

आता सगळ्या कळपाला एकदम पाजणं बंद. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पापणी उलटून फामाचा कार्डाशी, म्हणजे रक्त किती कमी झालंय ते सांगणाऱ्या पाच रंगांच्या तक्त्याशी, रंग जुळवायचा. चौथा-पाचवा, म्हणजे सगळ्यात फिकट, रंग आला तर औषध, तिसऱ्याला वजन आणि अंग बघून ठरवायचं. ऑक्टोबरात अशा नऊच निघाल्या. बाकीच्यांच्या पोटातल्या जंतांना औषध लागलेलंच नाही. त्यांची अंडी रानात पडत राहतात आणि सोसणाऱ्यांची पिलावळ त्यांत पातळ होते. मामाला हे पटायला महिना लागला. "जंत मुद्दाम ठेवायचे?" तो अजूनही विचारतो, पण औषधाचं बिल बघून गप्प बसतो.

स्लाइडला साडेतीन तारे. एक तारा रेषांसाठी कापला, अर्धा यासाठी की एक अंडं म्हणजे 50, त्यामुळे सुरुवातीचा आकडा दीड-दोनशेच असेल तर घट काढण्यात अर्थ नाही. आणि मिठाच्या पाण्यात यकृतातल्या चपट्या कृमींची जड अंडी तरंगत नाहीत, नाल्याकाठी चरणाऱ्यांसाठी साका बसवून वेगळं बघावं लागतं. रेषा मी सुईने ओरखडून शाई भरून पुन्हा काढल्या आहेत. आता लगेच धुते, वाळू देत नाही.