आरएसयू आणि टॅक्सपोटी कापले जाणारे शेअर: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव (गोव्यात राहणाऱ्यांसाठी खास)

मी पर्वरीला घरून काम करते, कंपनीचं भारतातलं ऑफिस पुण्याला आणि मूळ कंपनी अमेरिकेच्या शेअर बाजारात लिस्टेड. जॉइन होताना पगाराबरोबर आरएसयू मिळाले, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे टप्प्याटप्प्याने देण्याचं वचन, आणि ते दर तिमाहीला थोडे थोडे व्हेस्ट होतात, म्हणजे माझ्या हक्काचे होतात. आता बऱ्यापैकी व्हेस्ट होऊन गेलेत, रिटर्नही भरून झालाय, म्हणून सविस्तर लिहिते कारण मराठीत याबद्दल नीट कुठे सापडत नाही.

आमच्याकडे "नेट सेटलमेंट" आहे, म्हणजे व्हेस्टच्या दिवशी कंपनी टॅक्सपुरते शेअर स्वतःकडे ठेवते, तेवढा टॅक्स रोख सरकारकडे भरते आणि उरलेलेच शेअर माझ्या ब्रोकर अकाउंटला येतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं शंभर कबूल केले आणि अडुसष्टच दिले. तसं नाहीये. गोल आकडे घेऊन सांगते. १०० शेअर व्हेस्ट झाले, त्या दिवशी भाव ५० डॉलर, डॉलर ८५ रुपये धरा. एक शेअर ४,२५० रुपयांचा, एकूण ४,२५,००० रुपये. ही सगळी रक्कम त्या महिन्याचा पगार म्हणून धरली जाते, तुम्ही एकही शेअर विकला नसला तरी. ३० टक्के स्लॅब आणि त्यावर ४ टक्के सेस म्हणजे ३१.२ टक्के, टॅक्स झाला १,३२,६०० रुपये. त्याला ३१.२ शेअर लागतात पण अर्धामुर्धा शेअर कापत नाहीत, म्हणून ३२ कापले आणि ६८ हातात आले. ३२ शेअरचे होतात १,३६,००० म्हणजे ३,४०० रुपये जास्तीचे गेले, ते परत यायला पाहिजेत, आणि हे कुठे येतात ते बघायला सॅलरी स्लिप उघडावीच लागते.

माझ्या स्लिपवर ते असं दिसतं: डाव्या बाजूला कमाईत आरएसयूचे पूर्ण ४,२५,०००, उजव्या बाजूला कपातीत इन्कम टॅक्स १,३२,६०० (पगाराचा नेहमीचा टीडीएस वेगळा) आणि आणखी एक ओळ २,८९,००० ची. ही दुसरी ओळ बघून पुष्कळ जण घाबरतात. ती म्हणजे त्या ६८ शेअरची किंमत, जी तुम्हाला शेअरच्या रूपात आधीच मिळालीय म्हणून रोखीतून वजा करतात. ४,२५,००० मधून दोन्ही कपाती काढल्या की बरोबर ३,४०० उरतात आणि ते पगारात जमा होतात. काही कंपन्या ते परत न देता टीडीएसमध्येच घालतात, तेही चालतं, फक्त तुमच्या नावे जमा झालेल्या टॅक्सच्या सरकारी उताऱ्यात दिसायला हवेत.

२०२५-२६ पर्यंतच्या वर्षांसाठी खरी तपासायची जागा म्हणजे कंपनीकडून मिळणारा टॅक्स कपातीचा दाखला फॉर्म १६ आणि त्याच्याबरोबर येणारा १२बीए. तिथे पर्क्विझिट, म्हणजे पगाराबरोबरचा लाभ, म्हणून पूर्ण १०० शेअरची किंमत दिसली पाहिजे. फक्त ६८ चे २,८९,००० दाखवले असतील तर उत्पन्न कमी दाखवलंय, लगेच पेरोलला मेल टाका. आणि आकडा स्वतः ताडताना ब्रोकरच्या डॉलरला गुगलवरच्या रेटने गुणू नका, टीडीएससाठी स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट लागतो, थोडा फरक येणारच.

आवडलेली गोष्ट म्हणजे खिशातून एक पैसा काढावा लागत नाही आणि टॅक्सचा हिशोब त्याच महिन्यात मिटतो. ज्यांच्याकडे "सेल टू कव्हर" आहे त्यांचे तेवढे शेअर ब्रोकर बाजारात विकतो, मग ती विक्री रिटर्नमध्ये कॅपिटल गेनखाली दाखवत बसावी लागते. आमच्यात कापलेले शेअर नावावर येतच नाहीत, त्यामुळे ती कटकट नाही.

आता जिथे चटका बसतो ते. आमच्याकडे कापायचा दर ३१.२ टक्के असा सपाट असतो, पण वर्षाचं उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की टॅक्सवर १० टक्के सरचार्ज लागतो, आणि तो फक्त वरच्या रकमेवर नाही, पूर्ण टॅक्सवर. माझ्या टीममधल्या मडगावच्या एकाचं झालं असं, की पगार ३६ लाख आणि वर्षभरातले चार व्हेस्ट मिळून १७ लाख. तिसऱ्या व्हेस्टपर्यंत तो ५० च्या खाली होता, चौथा फेब्रुवारीत झाला आणि पलीकडे गेला. स्टँडर्ड डिडक्शन जाऊन ५२.२५ लाख उरले, २०२५-२६ च्या नव्या रेजीमने त्यावर टॅक्स ११,४७,५०० आणि सरचार्ज १,१४,७५०, सेस धरून जवळजवळ १ लाख १९ हजार. हे पैसे कापलेल्या शेअरमधून आलेच नव्हते, सगळे मार्चच्या पगारातून गेले, आणि त्याला घराचा हप्ता होता हो. पेरोल पुढचे व्हेस्ट आधीपासून धरेलच असं नाही, म्हणून डिसेंबरातच पुढचा व्हेस्ट मिळवून वर्षाचा अंदाज काढून ठेवा.

दुसरं म्हणजे टॅक्स लागतो व्हेस्टच्या दिवशीच्या भावावर, नंतर काहीही होवो. ५० डॉलरचा शेअर ३५ वर आला तरी भरलेला टॅक्स परत नाही, आणि तो तोटा पगारातून वजा होत नाही, फक्त कॅपिटल गेनसमोर लावता येतो, पुढची आठ वर्षं ओढता येतो. मी म्हणून प्रत्येक व्हेस्टनंतर थोडे विकून टाकते.

आणि आता गोव्याचं, जे पुण्याच्या पेरोलला सांगूनही पटत नव्हतं. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक (लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर), आणि इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यात त्यासाठी कलम ५ए होतं, ज्याने दोघांचं उत्पन्न निम्मं निम्मं वाटलं जातं, पगार सोडून. व्हेस्टची किंमत हा पगार आहे, म्हणून ते ४,२५,००० पूर्ण माझेच, त्यात नवऱ्याच्या नावाने अर्धे टाकून टॅक्स वाचवायचा विचार सोडून द्या. पण व्हेस्टनंतर त्या शेअरवर जे मिळतं, डिव्हिडंड असो की विकून झालेला नफा, ते पगार नाही आणि ते अर्धं अर्धं होतं. समजा त्या ६८ मधले ४० सात-आठ महिन्यांनी ६० डॉलरला विकले, डॉलर तोच ८५ धरला तर शेअरमागे ८५० आणि एकूण ३४,००० नफा. खरेदीची किंमत इथे शून्य नाही, व्हेस्टच्या दिवशीची ४,२५० धरायची, नाहीतर एकाच पैशावर दोनदा टॅक्स जाईल. परदेशी शेअर २४ महिने व्हायच्या आत विकले म्हणजे शॉर्ट टर्म, स्लॅबप्रमाणे, आणि त्यातले १७,००० माझ्या स्लॅबला, १७,००० नवऱ्याच्या. त्याचं फोंड्याला छोटं दुकान, स्लॅब खालचा, त्यामुळे फरक पडतो.

यासाठी रिटर्नमध्ये शेड्यूल ५ए असतं, तिथे जोडीदाराचा पॅन आणि प्रत्येक हेडखालची वाटणी भरायची. परदेशी शेअर असल्यामुळे मला आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही, आणि शेड्यूल एफए म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हातात आलेले ६८ दाखवायचे, कापलेले नाहीत. ते शेड्यूल जानेवारी ते डिसेंबर असं चालतं, एप्रिल-मार्च नव्हे. पणजीच्या आमच्या सीएंनी दोघांचे रिटर्न एकाच बैठकीत भरले, कारण माझ्या ५ए मधला आकडा आणि नवऱ्याच्या ५ए मधला आकडा रुपयाला रुपया जुळला पाहिजे.