बारा बिंदू वाचवले नि बांध हरवला: QGIS वर घराचा प्लॉट, सात महिन्यांनंतर

पायाच्या आखणीच्या, म्हणजे लाइनआउटच्या दिवशी मिस्त्रींनी पाण्याची नळी लावली आणि म्हणाले, "दादा, तुमच्या कागदात नि जमिनीत दोन-सव्वादोन फुटांचा फरक येतोय." मी लगेच नळीवर खापर फोडलं. म्हटलं, नळीत बुडबुडा असेल. त्यांनी नळी झटकली, पाणी पुन्हा भरलं, पुन्हा लावली. फरक तेवढाच. बोलवलेला जेसीबी संध्याकाळी आल्या वाटेने परत गेला. त्याचं येण्या-जाण्याचं भाडं अजून डोक्यात आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

प्लॉट साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूला. रस्त्यापासून मागे ३० मीटर खोल, २५ मीटर रुंद. रस्ता वर, मागे उतार. मूळचं शेतच ते, त्यामुळे मधून एक जुना बांध आडवा गेलेला. डोळ्यांना सहज दिसतो, त्यावर बसून आम्ही चहा प्यायलोय. तरी QGIS मध्ये केलेल्या जमिनीच्या मॉडेलमध्ये तो नव्हता!

QGIS हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर निवडलं त्याचं कारण एकच, फुकट आहे. मी हिशेबाचा माणूस, ड्रॉइंगचा नव्हे. उपग्रहाचा फुकटचा उंचीचा डेटा आधी उतरवून पाहिला. त्याची एक चौकट साधारण ३० मीटरची, म्हणजे माझा अख्खा प्लॉट एका चौकटीत मावला. तो नाद तिथेच सोडला आणि जमीन मोजायचं यंत्र घेऊन येणाऱ्या टोटल स्टेशनवाल्याला बोलावलं. रस्त्याच्या मोरीच्या कठड्याची उंची १००.०० मीटर धरून त्याने दर ५ मीटरला एक बिंदू घेतला. सहा ओळी, ओळीत सात बिंदू, एकूण ४२. "बांधाचे वेगळे घ्यायचे का?" असं त्याने विचारलं होतं. मी विचारलं, किती वेळ लागेल? तो म्हणाला, अर्धा दिवस. मी म्हटलं, राहू द्या, ४२ पुष्कळ झाले.

पुढचं काम घरी एका रविवारी झालं. एकदा गाडी अडली, कारण सर्व्हेच्या फाइलमध्ये आधी नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचं अंतर, आणि मग ईस्टिंग, म्हणजे पूर्वेकडचं, होतं. मी पहिला रकाना X ला दिला आणि प्लॉट आरशात पाहिल्यासारखा उलटा झाला. X ला ईस्टिंग द्यायचं, बस. मग `TIN interpolation` चालवलं आणि समपातळी रेषा अशा काढल्या:

```
gdal_contour -a rl -i 0.25 tin.tif contour.gpkg
```

पाव मीटरच्या रेषा पडद्यावर उमटल्या तेव्हा खरंच हरखलो. प्रिंट काढून जिभाऊंना दाखवली. त्या आठवड्यात हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

आता नळीने काय पकडलं ते सांगतो. TIN म्हणजे जवळजवळचे तीन-तीन बिंदू जोडून केलेली त्रिकोणी पत्र्यांची जमीन. दोन बिंदूंच्या मध्ये काय आहे ते त्याला माहीत नसतं, तो सरळ पत्रा ठोकतो. माझ्याकडे रस्त्यापासून १० मीटरवरचा बिंदू ९९.५० होता आणि १५ मीटरवरचा ९८.३८. त्यामुळे मॉडेलने ५ मीटरमध्ये १.१२ मीटरचा सरळ घसरता उतार केला. खरी जमीन तशी नाही. ती १४ मीटरपर्यंत हळूहळू ९९.३० ला येते, मग बांधावरून ६० सेंटिमीटरच्या आत ९८.४० वर उतरते आणि पुढे पुन्हा संथ होते. मिस्त्रींची खुंटी नेमकी १४ मीटरवर होती. मॉडेल तिथे ९८.६० म्हणत होतं, नळी ९९.३०. सत्तर सेंटिमीटर.

गंमत म्हणजे नकाशात संशय यावा असं काहीच नव्हतं. बांधाच्या जागी चार रेषा होत्या, फक्त एकमेकींपासून मीटर-सव्वा मीटर सुट्या, ऐसपैस. खऱ्या बांधावर याच चार रेषा वीतभर अंतराने एकमेकींना चिकटायला हव्या होत्या. डोळ्याला पायरी दिसते आणि नकाशात घसरगुंडी दिसते, एवढी एकच खूण होती. ती मी चहा पिता पिता पाहिली नाही.

आता पैशांचं. घर १२ मीटर रुंद, ९ मीटर खोल. आईला पुढे मोठं अंगण हवं म्हणून घर रस्त्यापासून ८ ते १७ मीटरच्या मध्ये बसवलं होतं, म्हणजे बांध पोटाखाली. जमीन सपाट करायची पातळी ९८.९० धरली होती. मॉडेलनुसार खोदाई २५ घनमीटर आणि भराव २१. वरची माती खाली ओढली की काम संपलं, उरली तर दीड ब्रास. हा हिशेब मी कौतुकाने वहीत चौकट करून लिहिला होता. खऱ्या जमिनीवर खोदाई निघते ४० घनमीटर आणि भराव १७. म्हणजे २३ घनमीटर, सव्वाआठ ब्रास माती उरते, तीही जागच्या जागी मोजलेली. खोदली की ती फुगते, त्यामुळे ट्रॉल्या याहून जास्त भराव्या लागल्या असत्या.

त्यात ती माती भरावाच्या कामाचीही नव्हती. शेताचा बांध वर्षानुवर्षं वरून येणारा गाळ अडवतो. खड्डा घेऊन पाहिलं तर रस्त्याकडे दीड फुटावर मुरूम लागला आणि बांधाच्या वरच्या अंगाला चार फूट काळी माती निघाली. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती घराखाली कोण भरणार? शिवाय अर्धं घर कापलेल्या जमिनीवर आणि अर्धं भरावावर उभं राहिलं की भराव बसतो आणि जोडावर भिंत तडकते. हे कुठल्याच TIN मध्ये दिसत नाही. त्याला फक्त वरचा पृष्ठभाग कळतो, खड्डा आपणच घ्यायचा.

आता ज्या गोष्टीवर माझी सुई अडकली आहे ती. `TIN interpolation` च्या खिडकीत थर जोडला की त्याच्या ओळीत शेवटी `Type` नावाचा एक बारका रकाना येतो. त्यात `Points` आपोआप येतं, म्हणून मी कधी त्याला हातच लावला नाही. दोन महिने मी पिक्सेलचा आकार बदलत बसलो. अर्धा मीटर केला, दहा सेंटिमीटर केला. चित्र गुळगुळीत झालं, बांध काही उगवला नाही. उगवणार कुठून? बिंदूच नव्हते. त्या रकान्यावर टिचकी मारली की `Structure lines` आणि `Break lines` असे आणखी दोन पर्याय उघडतात. माझं अख्खं घर त्या बोटभर रकान्यात अडकलं होतं.

ब्रेकलाइन म्हणजे 'या रेघेवरून त्रिकोण ओलांडू नको' असं सांगणं. पण ती रेघ अंदाजाने माउसने ओढून चालत नाही, तिच्या प्रत्येक बिंदूला खरी उंची लागते. टोटल स्टेशनवाल्याला पुन्हा बोलावलं. तोंड थोडं पाडूनच. बांध सरळ आहे, म्हणून वरच्या काठाचे सहा आणि पायथ्याचे सहा असे बारा बिंदू पुरले, तासाभराचं काम. त्याने वरच्यांना एक कोड दिला, खालच्यांना दुसरा. त्यावरून `Points to path` ने दोन रेघा केल्या. बिंदू फाइलमधून आणतानाच उंचीचा रकाना Z म्हणून दिला होता, त्यामुळे रेघांनाही Z मिळाला. मग त्या रेघांचा थर `Break lines` म्हणून, Z वापरायची खूण करून, बिंदूंच्या थराच्या जोडीला लावला. चारही रेषा बांधाला घट्ट चिकटल्या. फक्त काठ आणि पायथा एकाच जागी, एकाच्या डोक्यावर एक देता येत नाहीत, कारण TIN मध्ये एका जागेला एकच उंची असते. दगडी उभी भिंत असेल तर पायथ्याची रेघ दोन-चार सेंटिमीटर बाहेर सरकवावी लागते.

एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे आता शिकलो होतो. त्याच फेरीत त्याच्याकडून मधल्या जागांचे पाच बिंदू जादा घेतले आणि मॉडेलला दिलेच नाहीत. `Sample raster values` ने मॉडेलची त्या जागची उंची काढली आणि शेजारी ठेवली. जुन्या मॉडेलमध्ये बांधाजवळचे दोन बिंदू साफ नापास, नव्यात पाचही काही सेंटिमीटरच्या आत. शेतजमिनीवर ढेकूळच तेवढं असतं. हे पाच बिंदू पहिल्याच दिवशी बाजूला ठेवले असते तर जेसीबीचं भाडं वाचलं असतं.

नव्या मॉडेलवर घर पुढे सरकवलं, रस्त्यापासून साडेतीन ते साडेबारा मीटर. तिथे नऊ मीटरमध्ये जमीन फक्त ४५ सेंटिमीटर उतरते. मधली पातळी ९९.६० धरली तर खोदाई सहा घनमीटर आणि भरावही सहा, दोन-दोन ब्रासचं काम. काळी माती बाजूला ठेवून भराव मुरमाचाच केला. मागच्या ओळीचे फुटिंग मुरमापर्यंत जास्त खोल न्यावे लागले, तो खर्च आला. आईचं अंगण घराच्या मागे, बांधाच्या खाली गेलं. तुळस कुठे ठेवायची यावरून आठवडाभर घरात शांतता होती.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि माझं मत पुन्हा थोडं हललं. नकाशाप्रमाणे पाणी रस्त्याकडून सरळ मागे जायला हवं होतं. ते आलं डावीकडून, शेजारच्या शेतातून, आणि घराच्या कोपऱ्याला घासून गेलं. मॉडेल चुकलं नव्हतं. मी कुंपणापर्यंतच बिंदू घेतले होते, आणि पाण्याला कुंपण कुठे माहीत असतं. जिभाऊ ओट्यावर उभे राहून म्हणाले, "पानी कथा जास ते माले इचारतास ना, भो." विचारलं असतं तर त्यांनी शेजारच्या शेताकडे बोट दाखवलं असतं, हे खरंच.

तारे? साडेतीन. सॉफ्टवेअरला चार, त्यातला अर्धा तारा माझ्या काटकसरीने खाल्ला. तो `Type` चा रकाना रोज डोळ्यांसमोर येतो, त्यावर मी अजून चिडलेलोच आहे.

गेल्या आठवड्यात शेजारच्या कडेचे बिंदू घ्यायला टोटल स्टेशनवाला पुन्हा आला. दहा मीटर पलीकडपर्यंत गेला, तिकडच्या बांधाचा काठ आणि पायथा दोन्ही न सांगता घेतले. बिल मात्र नीट सांगून, अर्ध्या दिवसाचं लावलं.