ठाण्याहून विमानतळ: पवईमार्गे की अमर महलमार्गे?

ठाण्याच्या तीन हात नाक्यावरून सहारच्या टर्मिनल २ ला सकाळी जाताना जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता धरावा, की पूर्व द्रुतगती मार्गाने तसेच अमर महलपर्यंत उतरून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने जावे, हा प्रश्न मी माझ्यापुरता वहीतल्या वीसेक फेऱ्यांच्या नोंदींवरून सोडवला. प्रत्येक टप्प्याचा वेळ प्रसामान्य आणि इतर टप्प्यांपासून स्वतंत्र मानला आहे.

पवईमार्गे गांधीनगरपर्यंत सरासरी १४ मिनिटे लागतात, जोडरस्त्यावर २६ आणि पुढे सहारपर्यंत १२, म्हणजे एकूण ५२. वेळ सरासरीपासून साधारण किती मागेपुढे होतो ते सांगणारी प्रमाण विचलने अनुक्रमे ३, १२ आणि ४ मिनिटे आहेत. ती तशीच मिळवली तर १९ येतात आणि रस्ता आहे त्याहून बेभरवशाचा वाटतो. मिळवायचे असतात ते त्यांचे वर्ग, म्हणजे प्रचरणे. ९ + १४४ + १६ = १६९, म्हणून एकूण विचलन १३ मिनिटे. अमर महलमार्गे टप्पे २७, १९ आणि १४ मिनिटांचे आणि विचलने ४, ४ आणि २. म्हणजे सरासरी ६० आणि विचलन √३६, अर्थात ६ मिनिटे.

हाताशी ६० मिनिटेच असतील तर पवईच बरी: (६० − ५२) ÷ १३ म्हणजे सुमारे ०.६२, आणि प्रसामान्य वितरणाच्या तक्त्यानुसार वेळेत पोहोचण्याची शक्यता ७३ टक्के. दुसऱ्या रस्त्याने ती जेमतेम ५०. मात्र ७५ मिनिटे ठेवली की पवईचा भागाकार १.७७ आणि शक्यता ९६ टक्के होते, तर अमर महलचा २.५ आणि ९९.४ टक्के. दोन्ही रस्ते सुमारे ६७ मिनिटांच्या मर्यादेला बरोबरीत येतात.

माझे मत फिरले ते त्या १६९ मधल्या १४४ मुळे. आयआयटीच्या मुख्य दरवाजासमोर एकदा शेजारच्या बसमधली माणसे उतरून चालू लागली आणि माझी गाडी मात्र जागची हलली नाही; बाकीचे दोन टप्पे कितीही सुरळीत गेले तरी हा एक टप्पा सगळा हिशेब गिळतो. शिवाय एकदा तिथे अडकल्यावर गाडी वळवायला सोयीची जागा मिळत नाही.

टप्पे स्वतंत्र आहेत हे गृहीतक पावसात टिकत नाही, हे मान्य करायला हवे. एकूण वेळांचे प्रचरण वेगळे काढून ते टप्प्यांच्या प्रचरणांच्या बेरजेपेक्षा बरेच मोठे दिसले, तर टप्पे एकत्र रखडतात असे समजावे. अमर महलच्या पहिल्या दोन टप्प्यांत ०.५ सहसंबंध धरला तर विचलन ७.२ वर जाते आणि ७५ मिनिटांची शक्यता ९८ टक्क्यांवर येते. पवईच्या पहिल्या दोन टप्प्यांना तीच सूट दिली तर ती ९५ च्या किंचित खाली घसरते. कोणी पहाटे पाचला निघत असेल तर त्याचे आकडे निराळे येतील. मी सातला निघतो आणि गांधीनगरला उजवीकडे न वळता सरळ जातो.