मुळांची वही: सात महिने वापरल्यानंतर

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव परभणी जिल्ह्यातलं, बारावीपर्यंत शिक्षण मराठीत. कॉलेज सुरू झाल्यावर पहिले दोन महिने मी शब्दसंग्रह शाळेसारखाच केला: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. चारशे शब्द झाले आणि मागचे विसरायला लागले. मग आमच्या एका सिनिअर ताईने सांगितलं, "अख्खे शब्द लिहू नको, तुकडे लिही." तेव्हापासून दोनशे पानी वहीत मी ग्रीक आणि लॅटिन मुळं, उपसर्ग आणि प्रत्यय लिहीत आले. सात महिन्यांत ही पद्धत कुठे कामी आली आणि कुठे फसली, ते सांगते.

शब्द फोडायचा तो मागून. आधी शेवट बघायचा, मग सुरुवात, शेवटी मधलं. कोलेसिस्टेक्टॉमी घ्या. शेवटी एक्टॉमी, म्हणजे कापून काढून टाकणं. सुरुवातीला कोले, म्हणजे पित्त. मध्ये सिस्ट, म्हणजे पिशवी. पित्ताची पिशवी काढणं. आपल्याकडे लोक अगदी हेच म्हणतात, म्हणून हा शब्द मला पहिल्याच दिवशी आवडला.

आणि याच शब्दाने मला पाडलं. माझी वही पूर्ण देवनागरीत होती. आधीच्या पानावर मी कोलोस्टॉमी, कोलेक्टॉमी आणि कोलोनोस्कोपी लिहून ठेवलं होतं, "कोल म्हणजे मोठं आतडं" असं. आता पित्ताचाही कोल. देवनागरीत दोन्हींचा आवाज एकच, पण मुळात ते दोन वेगळे ग्रीक शब्द आहेत. पित्ताच्या शब्दात ग्रीकमध्ये ख सारखं अक्षर आहे, ते इंग्रजीत सीएच होऊन आलं. आतड्याच्या शब्दात साधा क आहे, तो नुसता सी झाला. आपण दोन्हीला क लिहितो आणि फरक पुसला जातो. कोलेस्टेरॉलमध्येही सीएचच आहे, कारण तो पदार्थ आधी पित्ताच्या खड्यांत सापडला होता.

दुसरी जोडी याहून वाईट. सर्जरी वॉर्डात पोस्टिंग असताना पन्नाशीच्या एका बाईंची लॅप कोले झाली, म्हणजे दुर्बिणीतून कोलेसिस्टेक्टॉमी. काढलेली पित्ताशयाची पिशवी हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवायची होती. मी माझ्या केअर प्लॅनमध्ये लिहिलं, "गर्भाशयाचा नमुना तपासणीला." वहीत हिस्ट म्हणजे गर्भाशय असं होतं, हिस्टरेक्टॉमीवरून. मॅडमनी ओळ खोडली आणि विचारलं, "इथे वाय आहे की आय?" वाय असेल तर ते गर्भाशय. आय असेल तर ऊती, म्हणजे टिश्यू. हिस्टोपॅथॉलॉजी ही कुठल्याही अवयवाच्या ऊतींची तपासणी, तिचा गर्भाशयाशी खास संबंध नाही.

त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढवला. प्रत्येक मुळापुढे वेगळं ओळखू येणारं इंग्रजी अक्षर लिहिते: "कोल, सीएच, पित्त", "कोल, सी, मोठं आतडं". जी मुळं देवनागरीत एकसारखी दिसतात ती समोरासमोरच्या पानांवर ठेवली. या पद्धतीतली मला सगळ्यात उपयोगी पडलेली दुरुस्ती हीच. मराठी माध्यमातून आलेल्या कुणीही ती पहिल्या दिवसापासून करावी.

त्याच बाईंच्या मुलीने मला विचारलं होतं, "सिस्टर, मायची पिशवी तर दहा वर्षांखालीच काढलेली हाय. आता कोणती काढायलेत? अन् नंतर पोटाला पिशवी लावतेत का?" एका दमात तीन पिशव्या. मराठवाड्यात नुसतं "पिशवी काढली" म्हटलं की ती गर्भाशयाची. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या या ऑपरेशनांचा प्रश्न इतका मोठा होता की 2019 मध्ये शासनाने समिती नेमली होती. म्हणजे पहिली हिस्टरेक्टॉमी, दुसरी कोलेसिस्टेक्टॉमी आणि तिसरी कोलोस्टॉमीची. मी त्यांना सांगितलं की पित्त लिव्हरमध्ये तयार होतं, पिशवी नुसतं साठवते. ती काढल्यावर पित्त सरळ लहान आतड्यात उतरतं, पोटाला काही लावावं लागत नाही. वहीत त्याच रात्री आणखी एक रकाना आला: पेशंट याला काय म्हणतात.

तिसरी पिशवी ज्या प्रत्ययाने येते तो नीट बघा. टॉमी म्हणजे कापणं, उघडणं. स्टॉमी म्हणजे तोंड करणं, कारण ग्रीक स्टोमा म्हणजे तोंड. मध्ये फक्त अर्धा स. लॅपरोटॉमीत पोट उघडतात, काम करतात आणि शिवून बंद करतात. कोलोस्टॉमीत आतड्याचं तोंड पोटावर आणून ठेवतात आणि त्यावर पिशवी बसवतात. नर्सचं काम त्या अर्ध्या स ने बदलतं. टाक्यांबरोबर स्टोमाही रोज बघावा लागतो. तो ओला आणि गुलाबी-लाल हवा. काळपट किंवा जांभळा दिसला तर रक्तपुरवठा कमी पडतोय, लगेच डॉक्टरांना कळवायचं. ट्रॅकिऑटॉमी आणि ट्रॅकिऑस्टॉमी मात्र वॉर्डात एकाच अर्थाने बोलतात, तिथे प्रत्ययावर अडून बसू नका.

उपसर्गांची मला भीती होती, पण ते सोपे गेले, कारण काही आपल्याच नात्यातले निघाले. ग्रीक आणि संस्कृत एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. डिस म्हणजे आपला दुस्: दुष्काळात तोच, डिस्प्नियात तोच, श्वास घ्यायला त्रास. हायपर म्हणजे उपरि, वर. हायपो म्हणजे उप, खालचा. उपसरपंच सरपंचाच्या खाली, तसं हायपोग्लायसेमियात रक्तातली साखर खाली, 70 मिलिग्रॅमच्या आत. हायपर आणि हायपो यांची माझी गडबड उपसरपंचामुळे कायमची थांबली.

पण तुकड्यांचा अर्थ म्हणजे आजाराची व्याख्या नव्हे. अ‍ॅनिमियात अनादिमधला अन् आहे आणि पुढे रक्त. शब्दशः "रक्त नसणं". रक्त असतंच, हिमोग्लोबिन कमी असतं. गरोदर बाईंमध्ये 11 ग्रॅमच्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया म्हणतात. आयटिस पाहून मी सुरुवातीला जंतुसंसर्ग लिहायचे, पण तो प्रत्यय फक्त दाह सांगतो. र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये सांधे सुजतात ते जंतूंनी नव्हे. ओमाला मी गाठ लिहिलं, तर ग्लॉकोमात गाठच नाही, तो डोळ्याच्या नसेचा आजार. म्हणून फोडून काढलेला अर्थ मी पेन्सिलने लिहिते आणि पुस्तकात व्याख्या तपासली की त्यावर पेन फिरवते.

आज वहीत साधारण दीडशे तुकडे आहेत. आधीच्या चारशे शब्दांपैकी बहुतेक त्यातूनच जुळतात. औषधांची नावं मात्र जुळत नाहीत, त्यांच्यासाठी मी वेगळी वही घेतली. सध्या सिस्टचं पान अर्धवट आहे: नुसता सिस्टायटिस लघवीच्या पिशवीचा, कोले लागलं की पित्ताच्या पिशवीचा, आणि ओव्हेरियन सिस्ट म्हणजे अंडाशयावरची पाण्याची पिशवी. तिथे पेशंट काय म्हणतात तो रकाना अजून रिकामाच आहे, कारण विचारलं की सगळ्या जणी "पिशवीच" म्हणतात.